कन्नड पोस्टरच्या फोटोवरून तारीख, वेळ, ठिकाण आणि प्रवेशाच्या अटी कशा काढाव्यात

सोलापुरात घरी कन्नड बोलणारी, पण शाळा मराठीत झाल्यामुळे कन्नड लिपी न वाचता येणारी माणसे पुष्कळ आहेत. आमच्या शेजारच्या काकू त्यांपैकीच एक आहेत. त्यांना वचनगायन ऐकण्याची आवड आहे, आणि रस्त्यात कुठे कन्नड पोस्टर दिसले की त्या त्याचा फोटो काढून मला पाठवतात व खाली एवढेच लिहितात, ‘कधी आहे, कुठे आहे, जाता येईल का?’ कन्नड वाचता येणाऱ्या प्रत्येकाकडे आपल्या गावात असे फोटो येतात, पूर्व भागात तेलुगू वाचणाऱ्यांकडेही येतात. हे काम नव्याने करू लागलेल्यांसाठी पुढील पद्धत लिहिली आहे. उदाहरणासाठी घेतलेला मजकूर कोणत्याही एका कार्यक्रमाचा नसून, अशा पोस्टरांच्या धर्तीवर मी स्वतः रचलेला आहे. मात्र त्यातील प्रत्येक अडचण या कामात नेहमी भेटणारी आहे.

भाषांतराला हात घालण्यापूर्वी फोटो पाहावा. चालत्या गाडीवरून किंवा तिरक्या कोनातून काढलेला फोटो असेल, तर शक्य असल्यास तो पुन्हा काढायला सांगावा: एक फोटो संपूर्ण पोस्टरचा, चारही कडा दिसतील असा, आणि मग तारखेच्या ओळीचा व तळाच्या बारीक मजकुराचा प्रत्येकी एक जवळून. डिजिटल फलकावर फ्लॅश मारला की नेमका मधला मजकूर पांढरा पडतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवून किंचित बाजूला उभे राहावे. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि तळाची अक्षरे पुसट होतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात येतो. फोटो कोणत्या दिवशी व कोणत्या रस्त्यावर काढला, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. हा प्रश्न नवख्यांना फालतू वाटतो, पण पुढे तारीख आणि ठिकाण दोन्ही ठरवताना त्याचा उपयोग होतो.

त्यानंतर लिपी ओळखावी. कन्नड आणि तेलुगू लिपी दिसायला सख्ख्या बहिणी आहेत आणि आपल्या शहरात दोन्ही भाषांची पोस्टरे लागतात. अक्षराच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी तिरकी टोपी असेल तर ती बहुधा तेलुगू, आणि आडवी रेघ उजवीकडे वळलेली असेल तर कन्नड. शंका राहिली तर वाराचे नाव शोधावे. रविवारला कन्नडमध्ये ‘भानुवार’ व तेलुगूमध्ये ‘आदिवारम्’ असे लिहितात. येथून पुढे मी कन्नडपुरतेच बोलतो.

आता सर्वांत महत्त्वाची सवय. थेट मराठी करू नये. आधी पोस्टरवरचा मजकूर, जसा आहे तसा, ओळीला ओळ ठेवून देवनागरीत उतरवून घ्यावा. जे अक्षर दिसत नाही तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह लिहावे आणि मनाने काही भरू नये. भाषांतर करताना आपले मन वाक्य पूर्ण करण्याच्या घाईत असते आणि न दिसलेला शब्दही ‘दिसला’ असे वाटू लागते. उतरवून घेतले की वाचलेले आणि तर्काने भरलेले, यांच्यात रेघ राहते. काकूंच्या बाबतीत आणखी एक फायदा होतो. उतरवलेला मजकूर मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, आणि कन्नड त्यांची घरची भाषा असल्यामुळे माझा उच्चार चुकला की त्या तिथल्या तिथे थांबवतात. उलट ‘भानुवार’ या शब्दावर त्याच अडखळतात, कारण त्यांच्या घरात रविवारला ‘ऐतवार’ म्हणतात.

आपल्या नमुन्याचा मजकूर असा उतरला आहे, असे समजू:

वचन गायन
दिनांक : ०[६?]-०[९?]-२०२[६?], भानुवार
संजे ५-[३?]० गंटेगे सरियागि
स्थळ : श्री सिद्धेश्वर देवस्थानद आवरण
प्रवेश उचित. पास कड्डाय.
१० वर्षदोळगिन मक्कळिगे प्रवेश [?]

तळाशी आयोजकांच्या कार्यालयाचा पत्ता, ‘विजयपुर ५८६१०१’ आणि एक मोबाइल क्रमांक आहे. शेवटच्या ओळीचा उजवा शेवट दुसऱ्या एका पोस्टरखाली गेला आहे. फोटो सोलापुरात काढलेला आहे.

तारखेपासून सुरुवात करू. बहुतेक पोस्टरांवर सर्वांना कळणारे इंग्रजी वळणाचे आकडे असतात आणि मग फारसा प्रश्न येत नाही. पण काही आयोजक आवर्जून कन्नड अंक वापरतात, आणि तेथे नवखा हमखास फसतो. कन्नडमधील सहा आणि नऊ यांची चेहरेपट्टी इतकी सारखी आहे, की धूसर फोटोत ते एकमेकांच्या जागी सहज वाचले जातात. दोन आणि तीन यांच्यात शेपटीचाच काय तो फरक असतो. शून्य हे बंद वर्तुळ असते आणि एक हे खालून उघडे वर्तुळ, त्यामुळे शाई थोडी पसरली की एकाचे शून्य होते.

अशा वेळी त्याच पोस्टरवर असा आकडा शोधावा, की ज्याची किंमत आपल्याला बाहेरून ठाऊक आहे. आपल्या नमुन्यात तो पिनकोड आहे. विजयपुरचा पिन ५८६१०१ आहे, हे पोस्टर न वाचताही पडताळता येते. म्हणजे त्या छापखान्याच्या वळणातला सहा, एक आणि शून्य कसा दिसतो, याचा खात्रीचा नमुना हाती आला. तो सहा मोठा करून तारखेतील संशयित आकड्याशेजारी ठेवावा. मोबाइल क्रमांकही अशाच कामाला येतो, पण वेगळ्या रीतीने: तो दहा अंकी असतो, त्यामुळे मोजल्यावर नऊच भरले तर एक अंक वाचायचा राहिला आहे.

दुसरी कसोटी वाराची. सहा आणि नऊ यांचा घोळ दिवसाच्या आणि महिन्याच्या दोन्ही आकड्यांत असेल तर २०२६ साठी चार तारखा संभवतात: ६ जून, ९ जून, ६ सप्टेंबर आणि ९ सप्टेंबर. कॅलेंडर उघडून पाहिले, तर या अनुक्रमे शनिवारी, मंगळवारी, रविवारी आणि बुधवारी येतात. पोस्टरवर ‘भानुवार’ स्पष्ट आहे, म्हणून ६ सप्टेंबर ही एकच तारीख उरते. गमतीची गोष्ट अशी, की वर्षाचा शेवटचा आकडाही नऊ मानला तर ९ सप्टेंबर २०२९ हा दिवसही रविवारच आहे. पण इतकी वर्षे आधी वचनगायनाचे पोस्टर कोणी लावत नाही, त्यामुळे ती शक्यता सोडून देता येते.

पोस्टरवर वर्षच नसते, तेव्हा हीच कसोटी दुसऱ्या बाजूने लावावी. ६ सप्टेंबरला रविवार २०१५ मध्ये होता, २०२० मध्ये होता आणि २०२६ मध्ये आहे. २०२५ मध्ये त्या दिवशी शनिवार होता. भिंतीवर जुनी पोस्टरे वर्षानुवर्षे राहतात आणि जुने फोटो व्हॉट्सअॅपवर नव्याने फिरतात. वार आणि तारीख यंदाच्या कॅलेंडरशी जुळत नसतील, तर पोस्टर जुने आहे किंवा छपाईची चूक आहे. यांपैकी नेमके काय, हे आपण ठरवू नये. अशा ठिकाणी ‘तारीख ६, वार शनिवार, दोन्ही जुळत नाहीत’ एवढेच लिहून पुढे जावे. दोहोंपैकी आपल्याला सोयीचे एक निवडून दुसरे गाळणे ही या कामातील सर्वांत नुकसानकारक चूक आहे, कारण ऐकणाऱ्याला शंका होती हेच कळत नाही.

तारखेवर वेगळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली आहे का, हेही पाहून घ्यावे. ‘मुंदूडलागिदे’ हा शब्द कुठे दिसला, तर कार्यक्रम पुढे ढकलला आहे आणि आपण इतका वेळ ज्या तारखेशी झुंजत होतो ती आता कामाची नाही. ‘दि.’ हे संक्षिप्त रूपही जपून वाचावे. कन्नडमध्ये ते दिनांकासाठी येते, तसेच दिवंगत या अर्थी नावाच्या आधीही येते. पुढे आकडा आहे की नाव, यावरून ते ठरते.

वेळेची ओळ तुलनेने सोपी आहे. ‘बेळिग्गे’ म्हणजे सकाळी, ‘मध्याह्न’ म्हणजे दुपारी, ‘संजे’ म्हणजे संध्याकाळी आणि ‘रात्रि’ म्हणजे रात्री. ‘गंटेगे’ म्हणजे अमुक वाजता, तर ‘गंटेयिंद’ म्हणजे अमुक वाजल्यापासून. आपल्या नमुन्यात तीन आणि दोन यांचा संशय आहे, पण पाच वाजून वीस मिनिटांनी सुरू होणारा कार्यक्रम मी अजून पाहिलेला नाही, म्हणून साडेपाच मानायला हरकत नाही. फक्त ते ‘मानले आहे’ अशी नोंद ठेवावी. ‘सरियागि’ म्हणजे बरोबर, ठरल्या वेळी. साडेपाच ही दरवाजे उघडण्याची वेळ आहे की गायन सुरू होण्याची, हे या ओळीत नाही. वेळ रात्री बाराची असेल, तर तो छापलेल्या तारखेच्या सुरुवातीचा बारा की शेवटचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावाच लागतो.

ठिकाणाच्या ओळीत भाषांतराची अडचण लहान आणि समजुतीची मोठी आहे. ‘आवरण’ हा शब्द मराठी माणूस वेष्टन किंवा आच्छादन अशा अर्थी वाचतो. कन्नडमध्ये तो आवार या अर्थी येतो. म्हणजे ‘श्री सिद्धेश्वर देवस्थानाचे आवार’. सोलापूरकराला हे वाचून काहीच शंका येत नाही: तळ्यातले मंदिर डोळ्यांसमोर उभे राहते आणि तो निघायच्या तयारीला लागतो. शंका यायला हवी ती इथेच. विजयपुरातही सिद्धेश्वराचे मोठे देवस्थान आहे आणि तिथेही आपल्यासारखीच संक्रांतीला यात्रा भरते. दोन गावांत सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर आहे.

पिनकोड विजयपुरचा आहे, हा पुरावा वाटतो, पण तो आयोजकांच्या कार्यालयाच्या पत्त्याला जोडलेला आहे, स्थळाला नाही. विजयपुरचे मंडळ सोलापुरात कार्यक्रम करू शकते. पोस्टर सोलापुरात लागले आहे, हाही पुरावा वाटतो. पण विजयपुरच्या कार्यक्रमाची पोस्टरे इथल्या कन्नड श्रोत्यांसाठी इथे लावली जाऊ शकतात. दोन्ही बाजूंना एकेक खूण असताना आपण एक गाव निवडू नये. जे छापले आहे ते लिहावे, दोन्ही शक्यता लिहाव्यात आणि कोणत्या शक्यतेच्या बाजूने पोस्टरवर काय आहे तेही एका वाक्यात सांगावे. पत्त्यांत जुनी-नवी नावेही गोंधळ करतात. २०१४ पासून बिजापूरचे अधिकृत नाव विजयपुर आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी आहे, पण आपल्याकडे बोलताना जुनीच नावे चालतात. मूळ नाव तसेच ठेवून त्यासोबत परिचित नाव द्यावे, म्हणजे काकू ‘हे विजयपुर कुठले?’ असे विचारणार नाहीत. ‘एदुरु’ म्हणजे समोर आणि ‘पक्कदल्लि’ म्हणजे शेजारी. स्थळाच्या ओळीत हे शब्द आले, तर कार्यक्रम त्या प्रसिद्ध वास्तूत नसून तिच्या जवळ आहे. ती ओळ अर्धवट वाचून कित्येक जण भलत्याच दारात उभे राहतात.

प्रवेशाच्या अटींत मात्र ओळखीचे शब्दच दगा देतात. ‘प्रवेश उचित’ हे वाचून मराठी माणसाला वाटते, की योग्य त्या व्यक्तींनाच प्रवेश आहे. प्रत्यक्षात कन्नडमध्ये ‘उचित’ म्हणजे मोफत. तेलुगूमध्येही ‘उचितम्’ म्हणजे मोफतच. नवशिका असताना मी स्वतः एका नातेवाइकांना ‘निवडक लोकांसाठी आहे, जाऊ नका’ असे सांगून एका खुल्या कार्यक्रमापासून दूर ठेवले होते, आणि ते आजही ती आठवण काढतात. दुसरा असा शब्द ‘मात्र’. मराठीत तो बहुतेक वेळा ‘पण’ या अर्थी येतो, कन्नडमध्ये तो ‘फक्त’ या अर्थी येतो. ‘महिळेयरिगे मात्र’ म्हणजे केवळ महिलांसाठी, आणि ‘आह्वानितरिगे मात्र’ म्हणजे केवळ निमंत्रितांसाठी. हा एक शब्द सुटला तर अट उलटी होते.

‘पास कड्डाय’ म्हणजे पास सक्तीचा. आधी मोफत म्हटले आणि लगेच पास मागितला, म्हणून नवख्याला विरोध वाटतो, पण तो नाही: पैसे नाहीत, पण पास हवा. खरी उणीव वेगळीच आहे. पास कुठे मिळतो, कधीपर्यंत मिळतो आणि दारावर मिळतो का, हे पोस्टरवर नाही. ते नाही असेच लिहावे. ‘बहुधा दारावर मिळेल’ असा दिलासा आपण द्यायचा नसतो.

शेवटची ओळ सर्वांत अवघड आहे. ‘१० वर्षदोळगिन मक्कळिगे प्रवेश’ म्हणजे ‘दहा वर्षांच्या आतील मुलांना प्रवेश’, आणि नेमका त्यापुढचा शब्द झाकला गेला आहे. कन्नड वाक्यात नकार शेवटी येतो. तेथे ‘इल्ल’ असेल तर लहान मुलांना प्रवेश नाही, ‘उचित’ असेल तर त्यांना मोफत आहे. एका झाकलेल्या शब्दावर पूर्ण अर्थ अवलंबून आहे, म्हणून कन्नड पोस्टरचा फोटो पाहताना उजवी कड आधी तपासावी असे मी सांगतो. येथे तर्काला थोडी जागा आहे: प्रवेश सर्वांनाच मोफत असल्याचे वरच्या ओळीत म्हटले असताना, मुलांना मोफत असल्याचे वेगळे सांगण्याचे कारण राहत नाही; त्यामुळे झाकलेला शब्द ‘इल्ल’ असण्याची शक्यता जास्त. पण हा तर्क आहे, वाचन नाही, आणि भाषांतरात त्या दोहोंना एकाच ओळीत बसवू नये. शिवाय ‘दहा वर्षांच्या आतील’ यात दहा पूर्ण झालेला मुलगा येतो का, हाही प्रश्न आहे. काकूंचा नातू नेमका दहाचा आहे.

इथवर आले की लक्षात येईल, की शंका तीन जातींच्या आहेत आणि प्रत्येकीवर उपाय वेगळा आहे. अक्षर दिसले नाही, तर पुन्हा फोटो हवा. अक्षर दिसले पण अर्थ दोन निघतात, तर आयोजकांना विचारायला हवे. आणि ती गोष्ट पोस्टरवर छापलेलीच नाही, तर कितीही चांगला फोटो मागवला तरी उपयोग नाही. नवखे लोक या तिन्हींपुढे सारखेच ‘स्पष्ट नाही’ असे लिहितात, आणि मग काकू नसलेल्या माहितीसाठी दुसऱ्यांदा उन्हात फोटो काढायला जातात.

मी काकूंना लिहून पाठवलेली टीप साधारण अशी असते:

‘काकू, वचनगायन रविवार, ६ सप्टेंबर २०२६ रोजी आहे. सहा की नऊ हे फोटोत नीट दिसत नाही. वारावरून आणि पिनकोडमधील सहाच्या वळणावरून ही तारीख धरली आहे. वेळ संध्याकाळी साडेपाच मानली आहे, कारण तीनचा आकडा नीट दिसत नाही; पुढे “बरोबर” असे छापले आहे. साडेपाचला दारे उघडणार की गायन सुरू होणार हे छापलेले नाही. ठिकाण “श्री सिद्धेश्वर देवस्थानाचे आवार” एवढेच आहे, गावाचे नाव नाही. पोस्टर आपल्या गावात लागले आहे, पण आयोजकांचे कार्यालय विजयपुरचे, म्हणजे बिजापूरचे आहे, त्यामुळे कुठले देवस्थान हे विचारल्याशिवाय निघू नका. प्रवेश मोफत आहे, पण पास सक्तीचा आहे; पास कुठे मिळेल ते छापलेले नाही. दहा वर्षांच्या आतील मुलांबद्दल एक अट आहे, तिचा शेवटचा शब्द दुसऱ्या पोस्टरखाली गेला आहे. बहुधा “प्रवेश नाही” असे असावे, पण मी ते वाचलेले नाही. पोस्टरवरच्या क्रमांकावर फोन करून चार गोष्टी विचारा: सोलापूरचे देवस्थान की बिजापूरचे, पास कुठे व कधीपर्यंत, साडेपाच ही कशाची वेळ, आणि दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला सोडतील का.’

या टिपेत क्रम मुद्दाम ठेवला आहे. प्रत्येक शंका तिच्या मुद्द्यालाच चिकटून येते. सगळ्या शंका तळाशी एकत्र टाकल्या तर वाचणारा वरची तारीख आणि ठिकाण पाहून तिथेच थांबतो. विचारायचे प्रश्न मात्र शेवटी एका जागी असतात, कारण फोन एकदाच करायचा असतो. प्रश्नही असे लिहावेत, की त्यांचे उत्तर एका शब्दात किंवा एका नावात मिळेल. ‘कार्यक्रमाबद्दल सांगा’ असे विचारले की समोरचा माणूस पोस्टरच परत वाचून दाखवतो.

उत्तरे मिळाली की मूळ टीप पुसून नवी लिहू नये. त्याच टिपेखाली ‘फोनवर समजले’ असे लिहून तारीख घालावी आणि फोनवर मिळालेली माहिती पोस्टरवरच्या माहितीपासून वेगळी ठेवावी. काकूंनी ती टीप पुढे त्यांच्या भजनी मंडळाच्या गटात पाठवली, की तेथील बायकांनाही छापलेले कोणते, विचारलेले कोणते आणि माझा अंदाज कोणता, हे वेगवेगळे दिसते.